चकलीच्या व्हिडिओत सापडलेला जुना ओटा

डोंबिवलीतल्या एका घरात एप्रिल २०२४मध्ये स्वयंपाकघराचं काम निघालं. कडप्प्याचा जुना ओटा फोडून ग्रॅनाइटचा करायचा, भिंतीला नव्या टाइल्स लावायच्या, खाली ट्रॉल्या बसवायच्या. तेवीस दिवसांत घरातल्या तीन फोनवर मिळून एकसष्ट क्लिप जमल्या. काम संपल्यावर मुलगी त्यांचा मिनिटभराचा व्हिडिओ करायला बसली, तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. पहिली क्लिपच हातोडा पडतानाची होती. जुनं, धडधाकट स्वयंपाकघर कोणीच टिपलं नव्हतं.

असं बहुतेक घरांत होतं. रोज दिसणाऱ्या ओट्याचं चित्रण करावं, असं तो फुटेपर्यंत कोणाला वाटत नाही. आणि ‘आधी’चं दृश्य पुन्हा घेता येत नाही. मग जुन्या क्लिपच्या मागच्या कोपऱ्यात ते शोधावं लागतं. इथे ते २०२३च्या दिवाळीत सापडलं. आजी चकल्या पाडत होती आणि तिच्यामागे सगळा ओटा, सिंक आणि खिडकी स्वच्छ दिसत होती.

क्लिप गोळा करताना पहिली अडचण व्हॉट्सॲपची येते. वडिलांनी कामाच्या क्लिप कुटुंबाच्या ग्रुपवर टाकल्या होत्या. त्या तिथून उतरवल्या तर दोन नुकसानं होतात. चित्र दाबलं जातं, त्यामुळे टाइल्सच्या सांध्यांसारखी बारीक रेघ विरघळते. आणि क्लिप घेतल्याची मूळ वेळ सहसा हरवते. फाइलच्या नावात VID-20240412-WA0007.mp4 असं ‘WA’ दिसलं, तर ती मूळ प्रत नव्हे. नावातली तारीखही व्हॉट्सॲपवरच्या देवघेवीची असते, चित्रणाची नसते. म्हणूनच या घरी पाइपासाठी भिंतीत झिरी मारल्याची क्लिप टाइल्स बसल्यानंतरच्या तारखेला लागली होती. वडिलांनी तीच क्लिप आपल्या फोनमधून ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवली, तेव्हा मूळ चित्रही आलं आणि क्रमही जुळला.

त्यानंतरची निवड फारशी कठीण नव्हती. एकसष्टमधल्या चौदा क्लिप ठेवल्या, प्रत्येकीतले दोन ते चार सेकंद घेतले. फोडकाम, झिरी, वॉटरप्रूफिंग, टाइल्स, ग्रॅनाइट, ट्रॉल्या असा कामाचाच क्रम राखला. वॉटरप्रूफिंगची क्लिप नव्हती, तिथे एक फोटो तीन सेकंद ठेवून हळूच जवळ आणला. बाकी सगळा आवाज बंद केला. कटर मशीनचा मात्र दोन सेकंद राहू दिला, पण बराच कमी करून.

खरं कष्टाचं काम ‘नंतर’चं दृश्य घेण्याचं. ते चकलीच्या क्लिपशी तंतोतंत जुळायला हवं, नाहीतर पाहणाऱ्याला दोन वेगळी घरं दिसतात. मुलीने आधी ओट्याची कड जुळवून पाहिली. ते फसलं, कारण जुना ओटा तीस इंच उंच होता आणि नवा चौतीस. बदललेल्या वस्तूवर नेम धरून चालत नाही. न बदललेली खिडकीची चौकट आणि वरचा बीम या खुणा तिने धरल्या. आजी बसली होती त्या दिशेने फोन आडवा धरून व्हिडिओ घेतला, एडिटिंग ॲपमध्ये तो जुन्या क्लिपवर ओव्हरले केला आणि त्याची ओपॅसिटी पन्नास टक्क्यांवर आणली. दोन खिडक्या एकावर एक दिसू लागल्या. कुठे सरकायचं ते त्यातून कळलं. चौथ्या खेपेला चौकटी जुळल्या.

पहिल्या खेपेला तिने ०.५ची रुंद लेन्स वापरली होती. तिने जवळचा ओटा ताणला गेला आणि खिडकी लहान झाली. जुनी क्लिप साध्या लेन्सने घेतलेली असेल, तर नवीही १ वरच, पाय मागे घेऊन घ्यावी लागते. दुसरी चूक उजेडाची. पांढऱ्या टाइल्स आणि खिडकीचं ऊन पाहून फोन आपोआप चित्र काळवंडतो. पडद्यावर ओट्याच्या जागी बोट दाबून धरलं की अनेक फोनमध्ये फोकस आणि प्रकाश तिथेच लॉक होतो. चकल्या सकाळी पाडल्या होत्या, म्हणून नवं चित्रणही सकाळीच केलं. जुनी क्लिप मुद्दाम अंधारी करून नवं घर उजळ दाखवण्याचा मोह मुलीने टाळला, ते बरं केलं. तसं केलं असतं, तर फरक ओट्याचा की उजेडाचा हे कळलंच नसतं.

एक प्रश्न उरला. बाकी क्लिप उभ्या होत्या आणि चकलीची आडवी. आडवं चित्र कापून उभ्या चौकटीत बसवलं, तर त्याचा जेमतेम एक तृतीयांश भाग उरतो. इथे आजी राहिली असती आणि ओटा गेला असता. त्यामुळे शेवटी दोन्ही आडवी दृश्यं उभ्या पडद्यावर एकाखाली एक ठेवली, वर जुनं, खाली नवं, सहा सेकंद. वरच्या चौकटीत आजी सोऱ्या फिरवते आहे. खालच्या चौकटीत त्याच खिडकीखाली ग्रॅनाइटवर तोच सोऱ्या ठेवलेला आहे.