गुलबर्ग्याच्या उर्साला निघताय? मग हा छोटा डबा सोबत ठेवा

लातूर-नांदेडकडची बरीच कुटुंबं ख्वाजा बंदानवाज गेसूदराज यांच्या उर्साला गुलबर्ग्याला जातात. सध्या झिलकद महिना उन्हाळ्यात येतोय. औसा, उमरगा, आळंद असा गाडीचा रस्ता, त्यात ऊन, गर्दी आणि बाहेरचं खाणं. रात्री बेरात्री लेकराला ताप आला किंवा जुलाब लागले तर मेडिकल शोधत फिरावं लागतं. टिफिनच्या डब्यात मावेल एवढं सामान घेतलं तर हा त्रास वाचतो.

समजा, गाडीत आई-वडील, शुगर असलेली दादी आणि बारा किलो वजनाचा तीन वर्षांचा मुलगा आहे. त्यांच्या हिशोबाने डबा भरू.

पहिली वस्तू ओआरएस. एक लिटरची चार-पाच पाकिटं घ्या. पाकीट उघडलं की सगळी पावडर एक लिटर स्वच्छ पाण्यात टाकायची. अर्धी पावडर ग्लासात अंदाजाने टाकू नका, मिठाचं प्रमाण चुकतं. बनवलेलं पाणी चोवीस तासांनी फेकून द्या. तीन वर्षांच्या मुलाला प्रत्येक पातळ शौचानंतर १०० ते २०० मिली, तेही चमच्या-चमच्याने. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा सुरू करा. दुकानात 'ओआरएस' नावाने गोड पेयाचे डबे मिळायचे. ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने पेयांवर ते नाव वापरायला मनाई केली. त्यामुळे पाकिटावर डब्ल्यूएचओ फॉर्म्युला लिहिलंय का ते बघून घ्या. जुलाब थांबवायची लोपेरामाइडची गोळी लेकरांना देऊच नका. शौचात रक्त असेल, सहा तास लघवी झाली नसेल किंवा मूल सुस्त पडलं असेल तर डबा बाजूला ठेवून थेट दवाखाना गाठा.

तापासाठी पॅरासिटामॉल. इथे सगळ्यात जास्त गफलत होते, कारण सिरपच्या बाटल्या दोन ताकदीच्या असतात. एकीत ५ मिलीमध्ये १२५ मिग्रॅ औषध असतं, दुसरीत २५० मिग्रॅ. मात्रा वजनावर ठरते, एका वेळी किलोमागे १५ मिग्रॅपर्यंत. बारा किलोच्या मुलाला म्हणजे १८० मिग्रॅ. पहिल्या बाटलीतून ते साधारण ७ मिली होतं, दुसरीतून साडेतीन. घरी एक बाटली वापरायची सवय आणि सफरमध्ये दुसरी हातात आली की मात्रा दुप्पट होते. म्हणून निघण्याआधी डॉक्टरांकडून मात्रा खात्री करून घ्या, चिठ्ठीवर लिहा आणि बाटलीलाच चिकटवा. दोन डोसमध्ये सहा तासांचं अंतर, दिवसात चारपेक्षा जास्त नाही. मोजायला सिरिंज किंवा टोपी ठेवा, घरचा चमचा नको. मोठ्यांना ५०० मिग्रॅची गोळी, तेवढ्याच अंतराने. निमेसुलाइड बारा वर्षांखालच्या मुलांना द्यायला २०११ पासून भारतात बंदी आहे.

गाडी लागण्याच्या गोळीत बहुतेक वेळा प्रोमेथाझिन असतं. उलटी सुरू झाल्यावर घेतली तर ती पोटातून बाहेरच पडते. निघण्याच्या एक-दोन तास आधी घ्यायला पाहिजे. तिने झोप येते, म्हणून गाडी चालवणाऱ्याने घेऊ नये. दोन वर्षांखालच्या मुलांना द्यायची नाही. गरोदर बाईने आणि दादीसारख्या आधीच औषधं चालू असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. ज्याला त्रास होतो त्याला पुढे बसवा, मोबाइल बघू देऊ नका.

पायाचे फोड बहुतेक नव्या चपलेने येतात. दर्ग्यात चप्पल बाहेर राहते, तापलेल्या फरशीवरही तळवे पोळतात. चालताना एखादी जागा जळजळायला लागली की लगेच तिथे मायक्रोपोर टेप लावा, फोड यायच्या आधीच. फोड आलाच तर फोडू नका, वरची कातडी जंतूंपासून वाचवते. स्वच्छ जाळीची पट्टी ठेवून टेप लावा. शुगरमुळे दादीच्या पायाला चटका कळेलच असं नाही. तिला मोजे घालायला द्या आणि रोज रात्री तळवे स्वतः बघा. जखम दिसली तर थांबू नका, डॉक्टरांना दाखवा.

खरचटलं किंवा कापलं तर आधी वाहत्या पाण्याने धुवा, मग पोव्हिडोन आयोडीन लावून पट्टी करा. रक्त येत असेल तर पट्टी मध्ये मध्ये न उचलता दहा मिनिटं घट्ट दाबून धरा. थांबलं नाही किंवा जखम खोल असेल तर टाके लागतील. गंजलेल्या लोखंडाने किंवा मातीत लागलं असेल तर धनुर्वाताच्या इंजेक्शनचं डॉक्टरांना विचारा.

डब्यात कात्री, थर्मामीटर आणि दादीच्या रोजच्या गोळ्या, त्यांच्या चिठ्ठीसह, ठेवा. डबा डॅशबोर्डवर किंवा डिकीत ठेवू नका, उन्हात औषधं खराब होतात. सीटखाली, हाताशी राहू द्या. परत आल्यावर संपलेलं भरा आणि एक्स्पायरीची तारीख बघा, म्हणजे पुढच्या सफरला डबा तयार असेल, इन्शाअल्लाह.