डोक्यावरचा आडवा भांग

पुरुषांचे टक्कल हा विनोदाचा विषय मानला जातो. परंतु ते लपविण्याच्या खटाटोपातून माणूस दवाखान्याच्या पायरीपर्यंत कसा येतो, हे माझ्या एका रुग्णाच्या हकिकतीवरून आपल्या ध्यानी येईल.

वय त्रेपन्न, तालुक्याच्या कचेरीत कारकून. तिशीतच कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांवरून केस मागे सरू लागले. टेस्टोस्टेरॉनपासून शरीरात तयार होणाऱ्या एका संप्रेरकाला माथ्यावरची केशमुळे आनुवंशिकतेने अतिसंवेदनशील असली की ती हळूहळू आक्रसतात. केस आधी बारीक, मग लव आणि शेवटी काहीच नाही, असा हा क्रम असतो. मागची व कानांवरची केशमुळे मात्र या संप्रेरकाला दाद देत नाहीत. या गृहस्थांनी डाव्या कानावरचे केस वीतभर वाढवून माथ्यावरून आडवे उजवीकडे नेले होते. मधली फट दिसू नये म्हणून दर पंधरा दिवसांनी काळी मेंदी. वाऱ्याच्या दिशेला पाठ करून उभे राहणे, हेल्मेट सर्वांच्या नंतर काढणे, विहिरीवर पोहायला जाणे सोडून देणे, हे सारे त्या भांगासाठी.

ते आले तेव्हा पापण्या सुजून डोळे मिटले होते, कपाळ व कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या आणि माथ्यावरून लस झिरपत होती. दोन दिवसांपूर्वी मेंदी लावली होती. "पंधरा वर्षे हीच लावतो आहे, डॉक्टर," असे ते पुन्हा पुन्हा सांगत होते. इथेच अनेकांची फसगत होते. खऱ्या मेंदीचा रंग तांबूस असतो. काळ्या मेंदीत बहुधा पॅराफेनिलीनडायामाइन नावाचे रसायन मिसळलेले असते. त्याची ॲलर्जी वर्षानुवर्षे निर्धोक वापरानंतरही उद्भवू शकते आणि एकदा उद्भवली की सहसा कायमची राहते. घरातील वडीलधाऱ्यांना कलप लावल्यावर खाज सुटू लागली, तर तो पहिला इशारा समजावा. जीभ वा ओठ सुजले, श्वास लागला, तर क्षणही न दवडता रुग्णालय गाठावे.

औषधांनी सूज उतरली, पण कलप कायमचा बंद झाला. फटीतून पांढरे केस डोकावू लागले. गोळ्यांविषयी त्यांनी विचारले. फिनास्टेराइडने गळती मंदावते खरी, परंतु त्रेपन्नाव्या वर्षी गुळगुळीत झालेल्या माथ्यावर फारसे उगवत नाही. (ही गोळी घेणाऱ्या ज्येष्ठांनी प्रोस्टेटच्या पीएसए तपासणीआधी डॉक्टरांना तसे अवश्य सांगावे, तिच्यामुळे तो आकडा सुमारे निम्मा होतो आणि खरा दोष झाकला जाऊ शकतो.)

मग ते जरा थांबून म्हणाले, "वडील गेले तेव्हा मुंडण केले होते. त्या तेरा दिवसांत कोणी माझ्या डोक्याकडे पाहिले नाही. तेवढेच दिवस मी निवांत होतो." पण आता अठ्ठ्याहत्तर वर्षांची आई घरात. ती असताना मुंडण म्हणजे अशुभ. लोक विचारणार, कोण गेले? केसांपेक्षा हीच अडचण मोठी होती.

ती आईलाच विचारा, असे मी सुचविले. त्वचा पूर्ण बरी होईपर्यंत वस्तऱ्याला हात लावायचा नाही, हेही बजावले, कारण ओल्या त्वचेवरील ओरखड्यातून जंतुसंसर्ग होतो. तीन आठवड्यांनी आधी मशीनने केस बारीक केले, मग कोमट पाण्याने भिजवून, फेस लावून, केसांच्या दिशेनेच वस्तरा फिरविला. नवे पाते समोर फोडून घेतले आणि दुकानातली सर्वांसाठीची तुरटी टाळली. वारंवार मुंडण केल्याने केस दाट येतात, ही समजूत निराधार आहे. पाते त्वचेखालच्या मुळाला स्पर्शही करीत नाही.

पहिल्या आठवड्यात त्यांनी एकच गोष्ट अंगावर काढली. भर दुपारी उघड्या डोक्याने बाजारात फिरले आणि वर्षानुवर्षे झाकलेली ती त्वचा भाजून निघाली. आता बाहेर पडताना सुती टोपी असते. मागच्या बाजूला एक जुना तीळ उघडा पडला आहे. त्याचा आकार वा रंग बदलला, किंवा त्यातून रक्त आले, तर दाखवायला या, असे सांगितले आहे. स्वतःला तो दिसत नाही, म्हणून पत्नी महिन्यातून एकदा पाहते.

आणि आई? मोतीबिंदूमुळे तिला नीट दिसत नाही. तिने डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "तुझं जावळ काढलं तेव्हा असंच लागत होतं हाताला." कोण गेले, असे शेजारच्या बाईंनी विचारलेच. त्यावर आतून आईच ओरडली, "कोणी नाही गेलं, मेंदी गेली!"