भाव शून्य दिसला तर आधी पंचांग बघा

'लासलगावच्या रकान्यात शून्य दिसलं तर कांद्याचा भाव पडलेला नाही, बहुतेक बाजार बंद आहे.' माझ्या जागी येणाऱ्या सहकाऱ्यासाठी मी टिपण लिहिलं, त्याची सुरुवात या वाक्यानं होते. काम तसं साधं. नाशिक जिल्ह्यातल्या एका शेतकरी कंपनीच्या सभासदांना रोज संध्याकाळी कांद्याचे भाव मोबाइलवर पाठवायचे. राज्य कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावरचे आकडे संगणक आपोआप उचलतो आणि तक्त्यात भरतो. माणसानं त्यावर नजर टाकून संदेश सोडायचा. ती नजर कुठं टाकायची, एवढंच या टिपणात आहे.

तक्त्यात प्रत्येक बाजार समितीसमोर चार आकडे असतात: आवक, कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर आणि सर्वसाधारण दर. दर क्विंटलचे. यातला सर्वसाधारण दर सगळ्यांत जास्त वाचला जातो आणि सगळ्यांत जास्त चुकीचा समजला जातो. ज्या दराच्या आसपास सर्वाधिक माल विकला गेला, तो सर्वसाधारण दर. ती सरासरी नाही.

समजा, एका दिवशी हजार क्विंटल कांदा आला. त्यातला सहाशे क्विंटल १४०० रुपयांनी गेला, तीनशे ११०० रुपयांनी आणि शंभर क्विंटल, म्हणजे गोल्टी आणि भिजलेला माल, ५०० रुपयांनी. तक्त्यात दिसेल: कमीत कमी ५००, जास्तीत जास्त १४००, सर्वसाधारण १४००. पण शेतकऱ्यांच्या हातात क्विंटलमागे सरासरी १२२० रुपयेच पडले. आणि कमीत कमी-जास्तीत जास्तची बेरीज करून कुणी दोननं भागलं तर उत्तर ९५० येतं, जे कुणालाच मिळालेलं नाही. 'तुमच्या संदेशात चौदाशे होते, मला अकराशेच मिळाले' असा फोन येणारच. त्यात संदेश खोटा नसतो आणि फोन करणाराही खोटं बोलत नसतो. त्याच्या ट्रॉलीतला माल कोणत्या प्रतीचा होता, एवढंच विचारायचं.

दुसरी खोड नावांची. लासलगाव बाजार समितीचे विंचूर आणि निफाड इथं उपबाजार आहेत आणि तक्त्यात त्यांच्या ओळी 'लासलगाव - विंचूर', 'लासलगाव - निफाड' अशा वेगळ्या येतात. संगणकाला नुसतं 'लासलगाव' शोधायला सांगितलं की तो तिन्ही ओळी उचलतो. मग आवक अचानक फुगलेली दिसते, किंवा शेवटची ओळ आधीच्या ओळींवर बसते आणि निफाडचा भाव लासलगावच्या नावानं जातो. म्हणून पूर्ण नाव जुळलं तरच ओळ घ्यायची.

तिसरी खोड हंगामाची. दिवाळीच्या सुमाराला चाळीतला उन्हाळ कांदा संपत येतो आणि लाल कांदा सुरू होतो. काही आठवडे एकाच बाजारात दोन्हींच्या वेगळ्या ओळी असतात. तक्ता उन्हाळवरच खिळलेला राहिला तर भाव रोज येत राहतो, कुठलीही सूचना वाजत नाही, पण तो भाव उरल्यासुरल्या चार ट्रॉल्यांचा असतो. भावाआधी आवक बघायची सवय इथं उपयोगी पडते. याच दिवसांत मुहूर्ताचा लिलाव होतो. नव्या मालाच्या पहिल्या ट्रॉलीला हार घालून, हौसेनं बोली लावली जाते. जास्तीत जास्त दराचा रकाना त्या दिवशी उडी मारतो, सर्वसाधारण दर जागेवर असतो. संदेशात तो मोठा आकडा टाकायचा नाही. वर्तमानपत्रं टाकतातच.

आता धोक्याच्या सूचना. त्या तीन आहेत. संध्याकाळी सातपर्यंत एखाद्या बाजाराचा आकडा आला नाही तर पहिली वाजते. चारही आकडे कालच्यासारखेच असतील तर दुसरी. सर्वसाधारण दर आधीच्या बाजारदिवसापेक्षा पाव हिश्शाहून जास्त हलला तर तिसरी.

दुसरी सूचना कधीच दुर्लक्षू नये. भाव जुळू शकतो, पण हजारो क्विंटलची आवक आकड्याला आकडा जुळणं जवळपास अशक्य. असं झालं की कालचंच पान पुन्हा वाचलं गेलं असं धरायचं. खरं तर बिघाडाचा हाच सगळ्यांत वाईट प्रकार आहे, कारण तक्ता भरलेला आणि नीटनेटका दिसतो.

पहिली सूचना वाजली की कोण गप्प आहे ते बघायचं. फक्त लासलगाव गप्प, पण पिंपळगाव आणि येवला बोलतायत, तर कारण स्थानिक आहे. सोलापूर, पुण्यासकट सगळेच गप्प, तर संकेतस्थळ किंवा आपलं इंटरनेट. आणि नाशिक जिल्हा अख्खा गप्प पण सोलापूर चालू, तर दोनच शक्यता. एक अमावास्या. या भागात अमावास्येला लिलाव न करण्याची जुनी रीत आहे. काही समित्यांनी ती मोडली, काहींनी नाही. म्हणून तक्त्याशेजारी पंचांग लावून ठेवलंय. दुसरी शक्यता बंदची.

ऑगस्ट २०२३ मध्ये नेमकं हेच घडलं. १९ तारखेला केंद्रानं कांदा निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं. २१ तारखेपासून व्यापाऱ्यांनी नाशिक जिल्ह्यातले लिलाव बंद ठेवले. तक्त्याच्या भाषेत हे नुसतं रिकाम्या रकान्यांचं दृश्य. मराठी बातम्या लावल्याशिवाय ते अमावास्येपेक्षा वेगळं ओळखता येत नाही. बाजार पुन्हा उघडला की साचलेला माल एकदम येतो, भाव हलतो आणि तिसरी सूचना वाजते. इथं तुलना कालच्या रिकाम्या दिवसाशी नव्हे, तर बंदच्या आधीच्या शेवटच्या लिलावाशी करायची. संगणक रिकाम्या रकान्याला शून्य समजून बसला तर हिशोबच कोलमडतो.

तिसरी सूचना वाजली म्हणजे आकडा चुकला, असं मात्र नाही. ८ डिसेंबर २०२३ पासून केंद्रानं निर्यातबंदी लागू केली, त्यानंतर भाव खरोखरच कोसळले. त्या आठवड्यात ज्यांनी 'काहीतरी गडबड दिसते' म्हणून आकडे रोखून धरले, त्यांच्या शेतकऱ्यांना बातमी उशिरा कळली. खरी घसरण शेजारच्या बाजारांतही दिसते. टंकलेखनाची चूक एकट्या ओळीत असते. १३५० च्या जागी १३५ किंवा १३५०० पडलं तर सर्वसाधारण दर कमीत कमी-जास्तीत जास्तच्या बाहेर जातो, आणि ती चूक बघताक्षणी सापडते. १३५० च्या जागी १५३० पडलं आणि जास्तीत जास्त दर सोळाशे असला, तर ती चूक कुठलीच सूचना पकडत नाही. सगळे नियम पाळून आलेला चुकीचा आकडा आहे तो.

त्यावर तक्त्यात उपाय नाही. शंका आली तर त्या दिवशी माल विकलेल्या सभासदाला फोन करून हिशोबपट्टी मागवायची. तिच्यावर वजन आणि दर दोन्ही असतात. फोटो पाठवायला सांगावं, कारण तोंडी सांगताना लोक हमाली-तोलाई वजा करून हातात आलेला आकडा सांगतात, आणि आपल्याला लिलावातला दर हवा असतो. दोन-तीन पट्ट्या मिळाल्या की पुरे.

दुपारी दोन वाजता आकडे आले म्हणून संदेश सोडायची घाई नको. लिलाव दोन सत्रांत होतात आणि दुपारचा आकडा बऱ्याचदा फक्त सकाळच्या सत्राचा असतो. संध्याकाळपर्यंत काहीच पक्कं कळलं नाही तर कालचा भाव आजच्या तारखेनं पाठवायचा नाही. 'लासलगाव: आज भाव उपलब्ध नाही' एवढंच पाठवायचं. यावरही फोन येतील, बहुतेक रात्री नऊनंतर, ट्रॉली भरून ठेवलेल्यांचे. पिंपळगाव आणि विंचूरचे त्या दिवसाचे आकडे तेव्हा हाताशी असू द्यावेत.