अकरा हजार सहाशे ऐंशी वेळा

माझी भाची सातवीत आहे. वर्गात प्रत्येकाला पाच मिनिटांचं भाषण करायचं होतं, विषय ज्याचा त्याने निवडायचा. हिने मांजर दत्तक घेण्याचा विषय घेतला. घरी पिल्लू आणू या म्हणून वर्षभर हट्ट चालला होता, तेव्हा या भाषणामागे आईला वळवायचा डाव होता हे उघडच आहे. आमच्याकडे चिंगी सोळा वर्षं होती, म्हणून ती वही घेऊन माझ्याकडे आली. पहिलं वाक्य होतं, ‘मांजर हा एक गोंडस आणि चपळ प्राणी आहे.’

‘हे वर्गात कोणाला माहीत नाही?’ मी विचारलं.

‘मग काय लिहू, मावशी?’

‘पिल्लू म्हातारं होईल तेव्हा तू केवढी असशील, ते लिही.’

वहीच्या मागच्या पानावर आम्ही दोन रकाने आखले. घरात राहणारं, नीट सांभाळलेलं मांजर साधारण बारा ते अठरा वर्षं जगतं, वीस वर्षांचीही असतात. अमेरिकेतल्या टेक्सासमधली क्रीम पफ नावाची मांजर तर १९६७ ते २००५ अशी अडतीस वर्षं जगली. तो विक्रम सोडून आम्ही सोळा धरले. भाची आज बारा वर्षांची आहे. तिच्या दहावीला मांजर तीन वर्षांचं, बारावीला पाच वर्षांचं. ती शिकायला बाहेरगावी जाईल तेव्हा मांजर ऐन भरात असेल आणि घरीच असेल. मांजराच्या सोळाव्या वर्षी ही अठ्ठावीस वर्षांची. हिशेब मांडल्यावर ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, ‘म्हणजे मांजर माझं नाही, आईचंच.’ मला वाटतं, तिच्या भाषणातलं सगळ्यात खरं वाक्य हेच होतं. चांगल्या संस्था दत्तक देताना मोठ्या माणसाची सही घेतात, घर भाड्याचं असेल तर मालकाला विचारलंय का हेही पाहतात, त्याचं कारण हेच.

मग तिने स्वतःच एक गुणाकार केला. मातीचा ट्रे दिवसातून दोनदा साफ करायचा, म्हणजे सोळा वर्षांत ११,६८० वेळा. लीप वर्षं धरली नाहीत, हेही तिने खाली लिहिलं.

खाण्यावर मात्र आमचं जरा वाजलं. तिच्या वहीत ‘मांजराला रोज दूधभात द्यावा’ असं होतं. आपल्याकडे मांजर म्हटलं की दूध हे समीकरण इतकं पक्कं आहे की ते खोडायला सांगितलं तर मुलं दुखावतात. पण मोठ्या झालेल्या बहुतेक मांजरांना दूध नीट पचत नाही, पोट बिघडतं. त्याहून मोठी अडचण टॉरिनची. हा घटक मांस-मासळीत असतो. कुत्र्याचं शरीर तो बऱ्यापैकी तयार करतं, मांजराला ते पुरेसं जमत नाही. टॉरिन कमी पडत राहिलं तर डोळ्यांचा पडदा खराब होतो आणि हृदयाचे स्नायू सैल पडून हृदय फुगतं. १९८७ साली कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथे पॉल पायन या पशुवैद्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की हृदय असं फुगलेल्या मांजरांच्या रक्तात टॉरिन फार कमी आहे आणि ते दिलं की हृदय सुधारतं. त्यातली बरीच मांजरं बाजारातलं तयार खाणं खाणारी होती. त्यानंतर कंपन्यांनी टॉरिनचं प्रमाण वाढवलं. भाचीच्या घरी अंडंही येत नाही. तेव्हा पिल्लू आणण्याआधी ठरवायचा प्रश्न हा, की सोळा वर्षं स्वयंपाकघराच्या एका कोपऱ्यात मांस-मासळीचं खाणं चालेल का? आजीला चालेल का? दूधभात गोड मानून घेणारं मांजर उपाशी दिसत नाही, म्हणून चूक लवकर कळत नाही.

लसी, नसबंदी, खिडक्यांना जाळी ही पहिल्या वर्षातली कामं तिने एका परिच्छेदात उरकली. ते योग्यच होतं. त्या वर्षी उत्साह असतो, पिल्लू दिवसभर खेळतं, कोणी कामचुकारपणा करत नाही. अवघड असतात ती शेवटची वर्षं, आणि त्याबद्दल पिल्लू घरी आणताना कोणी बोलत नाही.

चिंगी आमच्याकडे २००८च्या जूनमध्ये आली. २०२१च्या पावसाळ्यात, तेराव्या वर्षी, ती न्हाणीघरातल्या बादलीच्या काठावर चढून पाणी प्यायला लागली. आम्हाला गंमत वाटली, फोटोसुद्धा काढले. ट्रेमधले मातीचे गोळे लिंबाएवढे असायचे ते मोसंबीएवढे व्हायला लागले, ते सासूबाईंच्या लक्षात आलं, कारण ट्रे त्या साफ करत. मांजराचे पूर्वज कोरड्या प्रदेशातले, त्यामुळे त्याची मूत्रपिंडं थोड्या पाण्यात भागवून घट्ट लघवी करण्यात तरबेज असतात. म्हातारपणी ती थकली की हे कसब जातं. पाणी शरीरात न थांबता निघून जातं, म्हणून तहान वाढते. पाणी जास्त झाल्यामुळे लघवी जास्त होते असं आपल्याला वाटतं, घडतं नेमकं उलटं. आणि ही तहान दिसायला लागते तोवर मूत्रपिंडांचं साधारण दोन तृतीयांश काम बंद पडलेलं असतं.

डॉक्टरांनी वजन केलं तर ३.३ किलो. वर्षापूर्वी ४.१ होतं. केसांमुळे आम्हाला ते दिसलंच नाही. तेव्हापासून दर महिन्याला मी तिला कडेवर घेऊन वजनकाट्यावर उभी राहायचे, मग एकटी, आणि वजाबाकी करायचे. गेलेली मूत्रपिंडं परत येत नाहीत, उरलेली जपायची. त्यासाठी फॉस्फरस कमी असलेलं खाणं, आणि पुढे पुढे एक दिवसाआड कातडीखाली १०० मिलिलिटर सलाईन. मानेमागची कातडी चिमटीत तंबूसारखी उचलायची, सुई आत घालायची, आणि पाच-सात मिनिटं मांजराने हलू नये म्हणून कोणीतरी त्याच्याशी बोलत बसायचं. पाण्याचा उंचवटा पाठीवर दिसतो, काही तासांत जिरतो. पहिल्या महिन्यात माझे हात थरथरायचे, दोनदा सुई कातडीच्या आरपार जाऊन सलाईन फरशीवर गेलं. तीन वर्षं आम्ही दोघं एकत्र गावाला गेलो नाही. लग्नाला एक जण, बारशाला दुसरा. २०२४च्या ऑगस्टमध्ये चिंगी गेली.

हे सगळं पाच मिनिटांत मावलं नाही. भाचीने दूधभात आणि बादली ठेवली, बाकी काढलं. सगळीच मांजरं अशी आजारी पडतात असं समजू नका, पण म्हाताऱ्या मांजरांत हा आजार नेहमी दिसतो, असंही तिने आठवणीने घातलं. रकान्यांचा तक्ता फळ्यावर काढला आणि प्रत्येकाला त्यात आपलं वय भरायला लावलं. बाईंनी, ऐकलं, स्वतःचं वय गुपचूप भरून पाहिलं.

त्या रात्री तिचा फोन आला. मला वाटलं पिल्लाबद्दल असेल. वर्गातल्या एका मुलाच्या आजीकडे चौदा वर्षांची भाटी आहे, ती हल्ली मोरीतल्या घंगाळातलं पाणी सारखं पिते, ते त्याने भाषण संपल्यावर येऊन सांगितलं होतं.

‘डॉक्टरांकडे काय काय तपासायला सांगू त्याला?’

‘रक्तातलं क्रिएटिनिन, रक्तातली साखर, लघवीची घनता आणि रक्तदाब. अशी तहान मधुमेहानेही लागते. आणि वजन.’

‘हळू सांग, मावशी. लिहून घेते.’