चेंडू सर्वांत उंच कधी असतो? निम्म्या वेळेचा गैरसमज

सहा मजली इमारतीच्या गच्चीवरून, कठड्याबाहेर हात काढून कुणी चेंडू सरळ वर फेकला. हात जमिनीपासून १९.६ मीटर उंचीवर आहे आणि चेंडू सेकंदाला १४.७ मीटर, म्हणजे ताशी ५३ किलोमीटरच्या आसपास वेगाने हातातून सुटला. हवेचा विरोध तूर्त बाजूला ठेवू. मग t सेकंदांनंतर चेंडूची जमिनीपासूनची उंची अशी मिळते:

h = १९.६ + १४.७t − ४.९t²

अवयव सहज पडावेत म्हणून आकडे मुद्दाम असे निवडले आहेत. प्रश्न नेहमीचेच दोन: चेंडू जमिनीवर कधी पडेल आणि जास्तीत जास्त किती उंच जाईल? गणित दहावीच्या वर्गसमीकरणांपलीकडचं नाही. तरीही याच दोन प्रश्नांभोवती काही गैरसमज घट्ट बसलेले असतात, कारण सूत्रं पाठ होतात आणि त्यातल्या संख्या कशाच्या आहेत हे पाहायचं राहून जातं.

पहिली अडचण ४.९ची. गुरुत्व त्वरण ९.८ आहे, तेव्हा समीकरणातही ९.८च हवं असं अनेकांना वाटतं. पण ९.८ हा आकडा दर सेकंदाला वेग किती बदलतो ते सांगतो, अंतर नव्हे. नुसती सोडून दिलेली वस्तू पहिल्या सेकंदाच्या सुरुवातीला स्थिर असते आणि शेवटी तिचा वेग ९.८ होतो. वेग एकसारखा वाढत गेल्यामुळे सरासरी येते ४.९, आणि म्हणून त्या सेकंदात ती ४.९ मीटरच खाली येते. समीकरणातलं शेवटचं पद हे गुरुत्वाकर्षणामुळे गमावलेल्या उंचीचं आहे. पहिलं पद हाताची उंची. मधलं पद म्हणजे गुरुत्वाकर्षण नसतं तर चेंडू जितका वर गेला असता ते अंतर.

आता जमिनीवर पडण्याची वेळ. जमिनीवर h = ० असतं. समीकरणाला −४.९ने भागलं की उरतं:

t² − ३t − ४ = ०
(t − ४)(t + १) = ०

मुळं दोन: ४ आणि −१. चेंडू ४ सेकंदांनी जमिनीवर पडतो.

सर्वांत पक्का गैरसमज इथून सुरू होतो. एकूण प्रवास ४ सेकंदांचा, तर सर्वोच्च बिंदू निम्म्यावर, म्हणजे २ सेकंदांनी येणार असं गृहीत धरलं जातं. जमिनीवरून फेकून जमिनीवरच पडणाऱ्या वस्तूंची उदाहरणं आधी सोडवलेली असतात. तिथे हा नियम बरोबरच असतो, म्हणून तो मनात रुजतो. गच्चीवरच्या चेंडूला तो लागू पडत नाही. समीकरणात t च्या किमती घालून पाहा. सुरुवातीला उंची १९.६ मीटर, १ सेकंदानंतर २९.४, २ सेकंदांनंतर पुन्हा २९.४, ३ सेकंदांनंतर १९.६ आणि ४ सेकंदांनंतर शून्य. पहिल्या आणि दुसऱ्या सेकंदाला उंची सारखीच आहे, म्हणजे चेंडू या दोन्हींच्या बरोबर मध्ये वळला असला पाहिजे: १.५ सेकंदाला. तिसऱ्या सेकंदाला तो हाताच्या पातळीवर परत आला आहे. निम्मं करायचं ते या ३ सेकंदांचं. हाताखालच्या १९.६ मीटरच्या उतरणीला वर चढण्यातला कोणताही जोडीदार नाही, त्यामुळे तिथला शेवटचा सेकंद निम्म्याच्या हिशेबात धरता येत नाही.

वेगावरूनही हेच येतं. १४.७ला ९.८ने भागलं की १.५ मिळतात. इतक्या वेळात वेग शून्यावर येतो. त्या क्षणीची उंची:

h = १९.६ + १४.७ × १.५ − ४.९ × २.२५ = ३०.६२५ मीटर

इथे आणखी एक चूक वारंवार होते. वेगाच्या वर्गाला गुरुत्व त्वरणाच्या दुपटीने भागून ११.०२५ मीटर काढायचे आणि तेच उत्तर लिहायचं. तेवढी उंची चेंडूने हातापासून वर गाठली आहे. विचारलेली उंची जमिनीपासूनची असेल, तर गच्चीचे १९.६ मीटर त्यात मिळवावेच लागतात.

मग −१ या मुळाचं काय? वेळ ऋण असू शकत नाही, म्हणून ते खोटं ठरवून खोडायचं, असं सर्रास शिकवलं जातं. उत्तर म्हणून ते बाद होतं हे खरं, कारण चेंडू सुटण्याआधीच्या काळाला आपलं समीकरण लागू नाही. पण त्याला अर्थ नाही असं नव्हे. गच्चीवरून फेकण्याऐवजी कुणी एक सेकंद आधी जमिनीवरूनच सेकंदाला २४.५ मीटर वेगाने चेंडू वर फेकला असता, तर बरोबर शून्याव्या सेकंदाला तो हाताच्या पातळीवर आला असता, तेही नेमक्या १४.७च्या वेगाने. तिथून पुढे दोन्ही चेंडूंची गती तंतोतंत एकच. जमिनीवर आपटतानाचा वेगही २४.५च येतो. आणि ज्यांना निम्म्याचा नियम सोडवत नाही, त्यांच्यासाठी −१ आणि ४ यांचा मध्य काढून पाहण्यासारखा आहे: १.५. नियम दोन्ही मुळांच्या मध्याचा आहे. जमिनीवरून फेकलेल्या वस्तूचं एक मूळ शून्य असतं, एवढ्यामुळेच तिथे तो एकूण वेळेच्या निम्म्याचा वाटतो.

आलेखाबद्दलही थोडं सांगायला हवं. या समीकरणाचा आलेख अन्वस्त येतो आणि तो पाहून चेंडू हवेत कमानीतून गेला असं वाटतं. आपला चेंडू एकाच उभ्या रेषेत वर गेला आणि त्याच रेषेत खाली आला. आलेखाच्या आडव्या अक्षावर अंतर नसून वेळ आहे. चेंडू तिरका फेकला तर त्याचा मार्गही अन्वस्त होतो, हे गॅलिलिओने १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात दाखवलं. पण तो मार्ग आणि उंची-वेळ आलेख या दोन वेगळ्या आकृत्या आहेत. तसंच, सर्वोच्च बिंदूवर वेग शून्य होतो, त्वरण नाही. तिथेही ते ९.८च असतं. नसतं तर चेंडू वरच राहिला असता.

राहिला वजनाचा प्रश्न. समीकरणात वस्तुमान कुठेच नाही, म्हणून जड चेंडू लवकर पडतो हा समज या समीकरणात बसत नाही. मात्र हवा हिशेबात घेतली की वस्तुमानालाही महत्त्व येतं. क्रिकेटचा चेंडू साधारण १६० ग्रॅमचा असतो. तो याच वेगाने वर फेकला, तर हवेच्या विरोधामुळे हातापासून ११ मीटरपेक्षा अंदाजे पाऊण मीटर कमी चढतो आणि तितकंच अंतर खाली यायला त्याला चढण्यापेक्षा जरा जास्त वेळ लागतो. बॅडमिंटनच्या फुलाला तर हे समीकरण लावूच नये. ते हलकं असतं आणि हवा त्याला इतकं अडवते, की काढलेली उंची आणि वेळ दोन्ही साफ चुकतात.