स्कॉटीला आलेलं दुसरं पत्र

'स्टार ट्रेक'मधले अभियंता स्कॉटी, म्हणजे जेम्स डूहान यांना चाहत्यांची पत्रं नेहमीच येत. एकदा आलेलं एका तरुणीचं पत्र मात्र निरोपाचं होतं. जगणं थांबवायचं तिने ठरवलं होतं.

डूहान यांनी सरळ तिला फोन लावला. ‘मी जिमी डूहान, स्टार ट्रेकमधला स्कॉटी,’ अशी ओळख दिली आणि इंडियानापोलिसच्या चाहत्यांच्या संमेलनाला यायचं आमंत्रण दिलं. ती आली. तिची अवस्था पाहून ते हादरले. दोन आठवड्यांनी सेंट लुईसला संमेलन होतं. तिथेही ये, म्हणाले. मग पुढच्या गावी, त्याच्या पुढच्याही. दोन-तीन वर्षं हे असंच चाललं. डूहान डॉक्टर नव्हते, इलाज त्यांच्या हातात नव्हता. ते तिच्याशी आशेचं बोलत आणि प्रत्येक वेळी पुढच्या भेटीचं ठिकाण सांगत. वाट पाहायला एक तारीख असणं, एवढंच ते तिला देऊ शकत होते.

तिने स्कॉटीलाच का लिहिलं असेल, हे मालिका पाहिलेल्याला सहज कळतं. १९६६ ते १९६९ या काळात आलेल्या या मालिकेत एंटरप्राइज यान संकटात सापडलं, की कॅप्टनचा पहिला निरोप इंजिन-कक्षात जाई. आता काही होणं शक्य नाही, असं स्कॉटी कळवळून सांगे आणि लगेच कामाला लागे. ही भूमिका डूहान यांनी हौसेने घडवली होती. निवडीच्या वेळी त्यांनी वेगवेगळ्या ढबीत संवाद म्हणून दाखवले आणि अभियंता असेल तर तो स्कॉटिशच हवा, असं सुचवलं. ते स्वतः कॅनडाचे. १९४४ साली नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलेल्या सैन्यात ते होते. त्या रात्री आपल्याच बाजूच्या पहारेकऱ्याच्या गोळ्या त्यांना लागल्या आणि उजव्या हाताचं मधलं बोट गेलं. पडद्यावर तो हात ते शिताफीने लपवत.

मालिका संपल्यावर याच स्कॉटीने त्यांना पेचात पकडलं. दुसरी कामं मिळेनात. ही कटुता मनात असण्याचा काळही त्यांनी पाहिला होता, म्हणून त्या मुलीसाठी त्यांनी ‘स्कॉटी’ याच नावाने फोन उचलावा, हे मला फार मोलाचं वाटतं.

मग एकाएकी तिचं येणं बंद झालं. पत्र नाही, निरोप नाही. ती आहे की नाही, हेही कळायला मार्ग नव्हता. अशी आठेक वर्षं गेली.

त्यानंतर दुसरं पत्र आलं. तुम्ही माझ्यासाठी जे केलंत त्याबद्दल आभार मानायचे आहेत, असं तिने लिहिलं होतं. आणि कळवलं होतं, की नुकतीच ती इलेक्ट्रॉनिक अभियांत्रिकीची पदव्युत्तर पदवीधर झाली आहे.

१९९७च्या ‘ट्रेकीज’ या माहितीपटात डूहान यांनी ही हकिकत सांगितली आहे. मुलीचं नाव त्यांनी घेतलं नाही. आयुष्यात आपल्या हातून झालेलं सगळ्यात चांगलं काम हेच, असं मात्र ते म्हणाले.