आठ फुटांवरून ८के

दुकानात ८के टीव्ही आपण दोन फुटांवरून पाहतो. पडद्यावर त्याच्यासाठीच चित्रित केलेली दृश्यं चालू असतात आणि फुलपाखराच्या पंखावरची रेघन् रेघ दिसते. घरी मात्र सोफा आठेक फुटांवर असतो, आणि टीव्हीवर लागते मालिका, बातम्या किंवा क्रिकेट. खरेदीचा निर्णय या अंतरावरून आणि या कार्यक्रमांवरून करायला हवा.

६५ इंची टीव्ही घेऊ. त्याची रुंदी साधारण १४४ सेंटिमीटर. ४के टीव्हीत एवढ्या रुंदीत ३,८४० ठिपके, म्हणजे पिक्सेल, बसवलेले असतात. एकेक ठिपका जेमतेम ०.३७ मिलिमीटरचा. ज्याची नजर ६/६ आहे त्याला आठ फुटांवरून साधारण ०.७ मिलिमीटरपेक्षा बारीक तपशील सुटे दिसत नाहीत. म्हणजे ४केचेच ठिपके नजरेच्या आवाक्याबाहेर गेलेले असतात. ८केमध्ये ते आणखी निम्मे होतात. ६/६ नजरेला त्या अंतरावर ४के अपुरं पडायला पडदा सुमारे १२० इंचांचा लागेल; काहींची नजर अधिक तीक्ष्ण असते, त्यांच्यासाठी ही मर्यादा त्याहून लहान पडद्यावर येते.

शिवाय दाखवायचं काय? जपानच्या एनएचकेने डिसेंबर २०१८ मध्ये ८के वाहिनी सुरू केली. आपल्याकडे मात्र डीटीएचवरच्या वाहिन्या एसडी किंवा एचडी असतात आणि नेटफ्लिक्स ४केपर्यंतच जातं. यूट्यूबवर ८के व्हिडिओ आहेत, पण रोज संध्याकाळी बघावं असं त्यांत फार थोडं.

म्हणून ८के टीव्हीचा बराचसा वेळ अपस्केलिंगमध्ये जातो. फुल एचडी चित्रात सुमारे २१ लाख पिक्सेल असतात, ८के पडद्यावर ३ कोटी ३२ लाख. सोळातला एक पिक्सेल वाहिनीकडून येतो, उरलेले पंधरा टीव्हीतला प्रोसेसर शेजारच्या पिक्सेलवरून अंदाजाने भरतो. चांगला प्रोसेसर कडा सुबक करतो, अक्षरं नीट ठेवतो. पण प्रक्षेपणाआधी डेटा वाचवण्यासाठी जो तपशील काढून टाकला, तो त्याला परत आणता येत नाही. अंदाज चुकला की चेहरे मेणासारखे गुळगुळीत होतात, मैदानावरचं गवत हिरव्या डागांसारखं मिसळून जातं आणि बातम्यांच्या पट्टीतल्या अक्षरांभोवती पांढरट कडा उमटते. मूळ चित्र जितकं दाबलेलं, तितका हा दोष ठळक.

दुकानदाराला डेमो बंद करून सेट-टॉप बॉक्स जोडायला सांगा. सामना लावा, मग बातम्या. आठ फूट मागे जा आणि शेजारीच त्याच किमतीचा ४के ओएलईडी किंवा मिनी-एलईडी टीव्ही चालू ठेवायला सांगा. काळ्या रंगाची खोली आणि उजेड-सावलीतला फरक एवढ्या अंतरावरूनही सहज जाणवतो, आणि माझ्या मते जास्तीचे पैसे तिथेच घालावेत. ८केचा विचार करावा तो जवळ बसून, भल्यामोठ्या पडद्यावर, स्वतःच्या कॅमेऱ्यातले ४०-४५ मेगापिक्सेलचे फोटो पाहणाऱ्यांनी; त्यांच्याकडे तेवढे खरे पिक्सेल आधीपासूनच आहेत.